सर्व्हिसवाला येणार: मेसेजमधल्या चार ओळी नीट वाचा

घरातलं वॉशिंग मशीन पाणी सोडेनासं झालं की आपण कस्टमर केअरला फोन लावतो, नाहीतर ॲपवर तक्रार टाकतो. दोन-चार मिनिटांत मोबाइलवर एक मेसेज येतो. शब्द थोडेफार वेगळे असतात, पण मजकूर साधारण असाच:

«तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांकाचे शेवटचे चार अंक ४८१७. भेट: बुधवार, सकाळी ११ ते दुपारी १. तंत्रज्ञ निघाल्यावर त्यांचा संपर्क कळवला जाईल. हेल्पलाइन सकाळी ९ ते सायंकाळी ६. वॉरंटी संपलेली असल्यास तपासणी शुल्क ४०० रुपये. भेट रद्द करायची किंवा बदलायची असल्यास ३ तास आधी कळवावे, अन्यथा शुल्क लागू. काम पूर्ण झाल्यावरच कोड सांगावा.»

आपण यातला वार आणि वेळ तेवढी वाचतो, घरच्यांना «बुधवारी माणूस येतोय» असं सांगतो आणि मोबाइल बाजूला ठेवतो. खरं म्हणजे हा मेसेज दोन पक्षांमधला छोटा लेखी करार आहे. यायचं कधी, बोलायचं कोणाशी, न जमल्यास पैसे कोणी द्यायचे आणि काम झालं हे कोणी ठरवायचं, या चारही गोष्टी त्यात असतात. पुढे वाद झालाच तर «आम्ही सांगितलं होतं» हे दाखवायला कंपनीकडे हाच मेसेज असतो आणि आपल्याकडेही हाच. म्हणून तो एकेक ओळ करून वाचू.

दोन तासांची मुदत कशी ठरते

पहिला प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो: नेमकी वेळ का देत नाहीत? सव्वाअकरा म्हणजे सव्वाअकरा, असं का नाही? उत्तर तंत्रज्ञाच्या दिवसात आहे. समजा, पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरने एका मुलाला दिवसाचे आठ कॉल दिले आहेत. या धंद्यात घरच्या भेटीला «कॉल»च म्हणतात. प्रत्येक कॉलला काम ४० मिनिटं आणि पुढच्या घरी पोचायला २० मिनिटं, असा तासाचा हिशेब धरलेला असतो. म्हणजे साडेनऊ, साडेदहा, साडेअकरा, साडेबारा, मग जेवण, पुढे दोन, तीन, चार आणि पाच. ग्राहकांना मात्र या वेळा कळवत नाहीत. पहिल्या दोघांना «९ ते ११», पुढच्या दोघांना «११ ते १», मग «२ ते ४» आणि शेवटच्या दोघांना «४ ते ६» असे मेसेज जातात. प्रत्येक मुदतीत दोन घरं बसवलेली असतात.

आता प्रत्यक्ष दिवस पाहू. पहिलं घर वेळेवर होतं आणि मुलगा साडेदहाला दुसऱ्या घरी पोचतो. तिथे तक्रारीत फक्त «मशीन चालत नाही» एवढंच लिहिलेलं आहे. उघडून पाहिल्यावर पंप अडकलेला निघतो आणि ४० ऐवजी ८० मिनिटं लागतात. बाहेर पडायला ११ वाजून ५० मिनिटं होतात. तोवर रस्त्यावर गर्दी झालेली असते. तिसऱ्या घरी तो सव्वाबाराला पोचतो. त्याची ठरलेली वेळ साडेअकराची होती, म्हणजे पाऊण तास उशीर. तरी या ग्राहकाच्या दृष्टीने सगळं ठीक आहे, कारण त्याच्या मेसेजमध्ये «११ ते १» आहे.

तिसऱ्या घराच्या सोसायटीत गेटवर नोंद, पार्किंग आणि लिफ्ट यांत दहा मिनिटं जातात. काम आटोपून निघेपर्यंत एक वाजून पाच मिनिटं होतात. चौथ्या घरी तो १ वाजून २५ मिनिटांनी पोचतो. या घरालाही «११ ते १» असाच मेसेज गेला होता. तिसरं आणि चौथं घर, दोघांकडे शब्दन् शब्द तोच मेसेज. एकाला कंपनीने वेळ पाळली असं वाटतं आणि दुसऱ्याला फसवणूक झाली असं वाटतं.

हेच पुढे चालू राहतं. चौथ्या घरातून तो २ वाजून ५ मिनिटांनी निघतो, घाईघाईने जेवतो आणि पाचव्या घरी २ वाजून ५५ मिनिटांनी पोचतो. त्याची मुदत «२ ते ४», म्हणजे पाळली. तिथे एक सुटा भाग बदलावा लागतो, तासभर जातो, रस्त्यात आणखी २५ मिनिटं. सहाव्या घरी पोचायला ४ वाजून २० मिनिटं होतात आणि तिथली मुदत हुकते. सातव्या घरी तो ५ वाजून २० मिनिटांनी पोचतो, तिथली मुदत पाळली जाते. आठव्या घरी ६ वाजून २० मिनिटं, तिथली पुन्हा हुकते. आठांपैकी पाच घरांना दिलेला शब्द पाळला, तीन घरांचा मोडला. मोडला तो प्रत्येक वेळी जोडीतल्या दुसऱ्या घराचा.

हा हिशेब ध्यानात आला की दोन गोष्टी उघड होतात. एक, उशीर दिवसभर साठत जातो. म्हणून कामावर जाणाऱ्यांनी शक्य असेल तेव्हा दिवसातली पहिली मुदत मागावी. «९ ते ११» मध्ये उशीर साठायला अजून वावच मिळालेला नसतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सहाव्या घराला उशीर होणार, हे सर्व्हिस सेंटरला सव्वाबारालाच कळू शकत होतं. पाऊण तास तेव्हाच गेलेला होता. सहाव्या घरातली बाई मात्र चार वाजेपर्यंत दाराकडे कान देऊन बसलेली असते. तिला दुपारी साडेबाराला «आज तासभर उशीर होईल» असा निरोप गेला असता तर तिची दुपार वाचली असती. चांगलं सेंटर आणि वाईट सेंटर यांतला फरक उशिरापेक्षा या निरोपात दिसतो. आपल्याकडून करण्यासारखं एवढंच: आपली मुदत सुरू व्हायच्या अर्धा तास आधी फोन करायचा आणि «येताय का?» असं न विचारता «माझ्या आधी किती कॉल बाकी आहेत?» असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला «हो, निघालोच» हे उत्तर ठरलेलं असतं. दुसऱ्या प्रश्नाला आकडा सांगावा लागतो आणि त्या आकड्याला एका तासाने गुणलं की आपली वेळ कळते.

तक्रार सांगतानाच अर्धी वेळ ठरते

वरच्या दिवसाची घडी बिघडली ती दुसऱ्या घरात, कारण तक्रारीत «मशीन चालत नाही» यापलीकडे काही नव्हतं. तक्रार नोंदवताना आपण जे सांगतो त्यावरून कामाला किती वेळ धरायचा आणि गाडीवर कोणते सुटे भाग न्यायचे हे ठरतं. म्हणून लक्षण सांगावं, निदान नको. «पंप गेलाय» असं म्हणण्यापेक्षा «कपडे धुतले जातात, पण शेवटी पाणी आत राहतं, गुरगुर आवाज येतो आणि पडद्यावर अमुक कोड दिसतो» हे जास्त उपयोगी. कोड जसा दिसतो तसा सांगायचा. मशीनच्या दाराच्या आतल्या कडेला किंवा मागच्या बाजूला स्टिकर असतो, त्यावरचा मॉडेल क्रमांक वाचून दाखवायचा. विकत घेतल्याची तारीख बिलावरून सांगायची, म्हणजे वॉरंटीचा प्रश्न दारात उभं राहून सोडवावा लागत नाही.

पाणी न सोडणाऱ्या फ्रंट-लोड मशीनमध्ये बऱ्याचदा दोष किरकोळ असतो. खालच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्यामागे ड्रेन पंपाची गाळणी. नाणं, केसांची पिन, बाळाचा मोजा असं काहीबाही तिथे अडकतं. मशीनचा प्लग काढायचा, साठलेलं पाणी गार झालंय याची खात्री करायची, खाली पसरट भांडं ठेवून शेजारच्या बारीक नळीतून आधी पाणी काढून घ्यायचं आणि मग गाळणी सोडवायची. मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत ही कृती चित्रांसह दिलेली असते. एवढ्याने काम झालं तर भेट रद्द करता येते, पण ती वेळेत. त्याबद्दल पुढे.

आणखी एक स्थानिक गोष्ट. वॉशिंग मशीन, आरओ किंवा गीझर यांची तपासणी नळाला पाणी आणि घरात वीज असल्याशिवाय होत नाही. पुण्यात देखभालीच्या कामांसाठी पाणी बऱ्याचदा गुरुवारी बंद असतं. अशा दिवसाची भेट घेतली तर मुलगा वेळेवर येऊनही काम अपुरं राहतं, आणि कंपनीच्या नोंदीत ती भेट «झाली» अशी पडते.

नंबर कोणता खरा

मेसेजमधल्या नंबराकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो, आणि मोठं नुकसान होतं ते इथेच. उशिराने फार तर एक दुपार जाते. चुकीच्या नंबरावर फोन केला तर खातं रिकामं होऊ शकतं.

फसवणुकीची रीत आता ओळखीची झाली आहे. माणूस कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधतो. वरच दिसणारा नंबर भामट्यांनी पेरलेला असतो. पलीकडचा माणूस अगदी अदबीने तक्रार लिहून घेतो आणि म्हणतो, «साहेब, नोंदणीसाठी फक्त १० रुपये भरा, लिंक पाठवतो.» कधी तो मोबाइलचा पडदा त्याला दिसेल असं एखादं ॲप उतरवायला सांगतो. दहा रुपये हे आमिष असतं. खरा डोळा असतो तो पैसे भरताना आपण टाकतो त्या पिनवर आणि ओटीपीवर. घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आपला पडदा पाहण्याची कधीच गरज नसते, हे एक वाक्य घरातल्या ज्येष्ठांना सांगून ठेवावं. आणि पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर कळवू तितकी पुढच्या खात्यात पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त.

म्हणून हेल्पलाइनचा नंबर घ्यायचा तो मशीनवरच्या स्टिकरवरून, वॉरंटी कार्डावरून, बिलावरून, किंवा कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून. मेसेजमधला नंबर यांपैकी एकाशी जुळला पाहिजे. एक बारीक फरकही ध्यानात असू द्या: १८०० ने सुरू होणाऱ्या नंबराला आपल्याला पैसे पडत नाहीत. १८६० ने सुरू होणारा नंबर मोफत नसतो.

मेसेज कोणाकडून आला हेही पाहता येतं. कंपन्यांचे एसएमएस साध्या दहा आकडी नंबरावरून येत नाहीत, त्यांना नोंदणी केलेलं अक्षरी नाव असतं. ते पडद्यावर साधारण `VM-ABCDEF-S` असं दिसतं. सुरुवातीची दोन अक्षरं दूरसंचार कंपनी आणि विभाग सांगतात, मधली पाठवणाऱ्याचं नाव. ट्रायने २०२५ मध्ये नियम बदलून शेवटी एक अक्षर जोडायला लावलं. `S` म्हणजे सेवेचा मेसेज, `T` म्हणजे व्यवहाराचा, `P` म्हणजे जाहिरातीचा आणि `G` म्हणजे सरकारी. आपल्या भेटीची पुष्टी `P` ने संपणाऱ्या मेसेजमध्ये आली, तर ती भेटीची पुष्टी नसून जाहिरात असण्याची शक्यता अधिक.

या कसोटीलाही मर्यादा आहे. कंपनीचं काम प्रत्यक्षात तिने नेमलेलं गावातलं सर्व्हिस सेंटर करतं. तिथली कॉल वाटणारी मुलगी किंवा तंत्रज्ञ स्वतः, दोघंही बरेचदा साध्या मोबाइलवरून फोन करतात, व्हॉट्सॲपवर पत्ता मागतात. म्हणजे दहा आकडी नंबर दिसला की लबाडी, असं सरसकट म्हणता येत नाही. अशा वेळी आपण काही सांगायच्या आधी त्याला सांगायला लावायचं: «तक्रार क्रमांकाचे शेवटचे चार अंक काय? मॉडेल कोणतं?» खऱ्या माणसासमोर ती नोंद उघडी असते. जो उलट आपल्यालाच «तुम्ही सांगा ना मॅडम» म्हणतो, त्याचा फोन ठेवून मूळ हेल्पलाइनवर विचारावं.

ॲपवरून बोलावलेल्या माणसाचा नंबर आणखी वेगळा असतो. तिथे आपल्याला त्याचा खरा नंबर दिसत नाही आणि त्याला आपला. मधल्या एका नंबरावरून दोघांची गाठ घालून दिली जाते आणि काम संपल्यावर थोड्या वेळात ती वाट बंद होते. यात दोन्ही बाजूंचं संरक्षण आहे, विशेषतः घरी एकट्या असणाऱ्या बाईचं आणि अनोळखी घरी जाणाऱ्या कामगार बाईचं. पण आठवड्याने मशीन पुन्हा बिघडलं तर त्या नंबरावर कोणी भेटणार नाही. कामी येईल तो तक्रार क्रमांकच. म्हणून तो वेगळा लिहून ठेवावा.

कोड म्हणजे आपली सही

मेसेजच्या शेवटी असलेला कोड ही पावतीवरची सही समजा. तो सांगितला की कंपनीच्या दप्तरी काम पूर्ण होतं आणि तक्रार बंद होते. काही सेवांमध्ये दोन कोड असतात, एक काम सुरू करताना सांगायचा आणि एक संपल्यावर. कोणता कशाचा, हे मेसेजमध्ये लिहिलेलं असतं.

गोंधळ होतो तो शेवटच्या कोडात. तक्रार ठरावीक तासांत बंद झाली पाहिजे असा सेंटरवर वरून दबाव असतो. मग संध्याकाळी फोन येतो:

«काकू, पार्ट उद्या येईल. तेवढा कोड सांगता का? सिस्टीमला कॉल बंद करावा लागतो, उद्या आम्ही नक्की येतो.»

«अहो दादा, मशीन अजून पाण्याने भरलेलंच आहे. पार्ट बसवा, एकदा चालवून दाखवा, मग लगेच सांगते.»

काकूंचं उत्तर अगदी बरोबर आहे, आणि त्यात रागही नाही. कोड दिला असता तर दुसऱ्या दिवशी त्यांची तक्रार कंपनीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसती. नवी तक्रार, नवा क्रमांक, पुन्हा रांगेत शेवटी, आणि वॉरंटी संपलेली असेल तर कदाचित पुन्हा तपासणी शुल्क. पार्ट यायचा असेल तर तक्रार बंद करायची गरज नसते. ती «पार्टसाठी प्रलंबित» अशी ठेवता येते, आणि तसं करायला सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे.

रद्द करण्याची अट: तीन तास कशाच्या आधी?

आता सर्वांत काटेकोरपणे वाचायची ओळ: «३ तास आधी कळवावे, अन्यथा शुल्क लागू.» तीन तास कशाच्या आधी? भेटीची मुदत ११ ते १ आहे. अकराच्या आधी तीन तास म्हणजे सकाळी आठ. एकच्या आधी तीन तास म्हणजे दहा. मेसेज त्यावर गप्प आहे. त्यात हेल्पलाइन सुरू होते नऊला. म्हणजे अट आठची धरली तर फोनवर रद्द करणाऱ्याची मुदत प्रत्यक्षात आदल्या दिवशी संध्याकाळी सहालाच संपली. चांगल्या मेसेजमध्ये «मंगळवार सायंकाळी ६ पर्यंत रद्द केल्यास शुल्क नाही» असं घड्याळातली वेळ घालून लिहिलेलं असतं. नसेल तर तक्रार नोंदवतानाच विचारावं, आणि रद्द करायचं झालं तर ॲपवरून किंवा लेखी करावं, म्हणजे रद्द केल्याची वेळ नोंदली जाते.

शुल्कांची नावंही नीट वेगळी करून पाहावीत. तपासणी शुल्क म्हणजे माणूस येऊन दोष शोधतो त्याचे पैसे. दुरुस्ती करायची नाही असं आपण ठरवलं तरी ते द्यावं लागतं, आणि ते रास्तही आहे. रद्द शुल्क म्हणजे ठरलेली भेट उशिरा मोडल्याचे पैसे. या दोन्हींची रक्कम आधी सांगितलेली असली पाहिजे. पैसे भरायच्या शेवटच्या टप्प्यावर अचानक जास्तीची रक्कम दाखवणं, किंवा न मागितलेली सेवा यादीत घुसवणं, या युक्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नाव घेऊन मनाई केली आहे.

रद्द शुल्क असावंच नये, असं मी म्हणणार नाही. कुलूप लागलेल्या दारापर्यंत आलेल्या मुलाचं पेट्रोल जळालेलं असतं. कॉलमागे पैसे मिळत असतील तर तो तास त्याच्या कमाईतून गेलेला असतो. आपण घरी नसणार हे आदल्या संध्याकाळी माहीत असून न कळवणं, हा त्याच्यावर अन्यायच आहे. पण मग हाच न्याय उलट दिशेनेही लागला पाहिजे.

इथे कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच पुढे गेलेला आहे आणि फार थोड्यांना ते ठाऊक आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांतल्या चौथ्या नियमात एक तरतूद आहे. खरेदी पक्की झाल्यावर ग्राहकाने रद्द केली म्हणून ई-कॉमर्स कंपनीला शुल्क लावायचं असेल, तर तिने स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तसाच भार तिलाही सोसावा लागतो. तिला तो सोसायचा नसेल तर ग्राहकालाही शुल्क लावता येत नाही. हे नियम वस्तूंना लागू आहेत तसेच सेवांनाही. म्हणजे ॲपवर किंवा संकेतस्थळावर बुक केलेली एसीची सर्व्हिस, घरची सफाई, मशीनची दुरुस्ती, सगळं यात येतं.

या तरतुदीची मर्यादाही समजून घ्यायला हवी. ती «रद्द करण्या»बद्दल आहे, उशिराबद्दल नाही. माणूस १ च्या ऐवजी १ वाजून २५ मिनिटांनी आला तर ती लागू होत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला फोन करून बोलावलेल्या मिस्त्रीलाही ती लागू होत नाही. पण माणूस आलाच नाही आणि कंपनीने रद्दही केलं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली «सेवेतील त्रुटी» आहेच. बुकिंग कुठूनही केलेलं असो, ती लागू होते.

माणूस आलाच नाही, तर

बुधवारचीच भेट धरू. घरातल्या एकाने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आहे. एक वाजून गेला, कोणी आलं नाही. तीन वाजता मेसेज येतो: «ग्राहक घरी उपलब्ध नसल्याने भेट रद्द.» घरी तर माणूस बसून आहे. अशा वेळी फोनवर भांडण्यात शक्ती घालवण्यापेक्षा पुरावा गोळा करावा, आणि तो बहुधा दाराबाहेरच असतो. सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर किंवा ॲपमधली नोंद सांगते की त्या दिवशी तुमच्या फ्लॅटकडे कोणी आलंच नाही. त्या पानाचा फोटो काढावा. आपल्या मोबाइलमधली कॉलची यादी दाखवते की ११ ते १ दरम्यान कोणाचा फोन आला नाही. आणि मूळ पुष्टीचा मेसेज तर आहेच. या तीन चित्रांसह कंपनीला चार ओळी लिहाव्यात:

«तक्रार क्र. … ४८१७. बुधवारी ११ ते १ अशी वेळ आपण दिली होती. मी घरी होतो. या वेळेत कोणी आले नाही, फोनही आला नाही. गेटवरील नोंद आणि कॉलची यादी जोडली आहे. भेट मी रद्द केलेली नाही. रद्द शुल्क लावू नये, लावले असल्यास परत करावे आणि नवीन भेट दिवसातील पहिल्या वेळेत द्यावी.»

यात विशेषणं नाहीत, धमकी नाही, आणि शेवटी नेमकी मागणी आहे. हे ई-मेलवर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवावं. ई-कॉमर्स नियमांनुसार अशा अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्याच्या आत तड लावायची असते. तिथे दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिच्यावर मराठीतही बोलता येतं. ती निकाल देत नाही, कंपनीपर्यंत तक्रार पोचवून पाठपुरावा करते. चारशे-पाचशे रुपयांचे वाद तिथेच मिटले तर बरं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. चारशे रुपयांसाठी एवढं कोणी करणार नाही हे खरं. पण पार्ट बसवल्याचं सांगून तीन-चार हजार घेतले आणि मशीन तसंच राहिलं, तर करण्यासारखं नक्कीच आहे. तेव्हाही आयोगासमोर पहिला कागद ठेवावा लागेल तो भेटीच्या पुष्टीचाच. म्हणून काम पुरं होऊन महिना-दोन महिने जाईपर्यंत तो मेसेज पुसू नये.

कंपन्यांकडे मागायचं म्हटलं तर मागणी मोठी नाही. रद्द करण्याची शेवटची वेळ घड्याळाप्रमाणे लिहा. उशीर होणार हे दुपारी कळलं तर दुपारीच कळवा. आणि «आपण उशिरा रद्द केल्यास शुल्क लागू» या ओळीखाली दुसरी ओळ जोडा: «आम्ही भेट रद्द केल्यास तेवढीच रक्कम आपल्याला.» ही दुसरी ओळ कोणत्याही मेसेजमध्ये माझ्या पाहण्यात आलेली नाही. ॲपवरच्या बुकिंगसाठी तिच्यामागे नियमाचं बळ आहे, म्हणून पुढच्या वेळी बुकिंग करताना तिच्याबद्दल विचारा, आणि उत्तर लेखी मागा.